बारा वर्षं, दोन महिने: डब्लिनच्या शाळेत लेकीला आयरिशमधून सूट मिळवताना

आम्ही 2024 च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून डब्लिनला आलो. मोठी लेक इथे सेकंडरी स्कूलच्या फर्स्ट इयरला बसली आणि धाकटा प्रायमरीच्या चौथ्या वर्गात. घर, पीपीएस नंबर म्हणजे इथला आधारसारखा ओळख क्रमांक, बँक हे सगळं करताना दमायला झालं होतंच, पण सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते आयरिश भाषेने. म्हणजे भाषेने नाही, ती माफ करून घेण्याच्या कागदांनी. मला तेव्हा मराठीत याबद्दल काहीच लिहिलेलं सापडलं नव्हतं, ग्रुपवर विचारलं तर पाच जणांची सहा उत्तरं, म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवतेय.

आधी थोडं बॅकग्राउंड. इथे सगळे इंग्रजीच बोलतात म्हणून आपण गाफील असतो, पण राज्यघटनेनुसार आयरिश ही पहिली अधिकृत भाषा आहे आणि सरकारमान्य शाळांत पहिलीपासून शेवटच्या वर्षापर्यंत ती शिकावीच लागते. इथली मुलं चार-पाच वर्षांची असल्यापासून शिकत आलेली असतात. त्यामुळे बाराव्या वर्षी शाळेत येणाऱ्या मुलीला आठ वर्षांचा बॅकलॉग. आपल्याकडे बिहारहून सातवीत आलेल्या पोराला थेट मराठीच्या बालभारतीचा सातवीचा धडा वाचायला लावावा, तसं काहीसं.

लेक पहिल्या आठवड्यात घरी आली आणि वही दाखवली. फळ्यावरचं बघून उतरवलेलं सगळं, अक्षर सुंदर, अर्थ शून्य. "आई, भ लिहितात आणि व म्हणतात. मग व कुठे लिहितात?" मला काय माहीत. आठवड्याला चार तास आयरिश, आणि त्या चार तासांत ती नुसती खाली मान घालून बसायची.

तर सूट मिळते का? मिळते, पण कशी मिळते ते नीट समजून घ्या, कारण आमचा सगळा घोळ इथेच झाला. आयर्लंडच्या शिक्षण खात्याचं यावर सर्क्युलर आहे. इंग्रजी माध्यमाच्या सेकंडरी शाळांसाठी 0055/2022, प्रायमरीसाठी 0054/2022. दोन्ही खात्याच्या वेबसाईटवर फुकट आहेत आणि भाषा वाचण्यासारखी आहे, आपल्या जीआरसारखी नाही. परदेशातून आलेल्या मुलांसाठीचा मुद्दा साधा आहे: मुलाचं वयाच्या बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण (किंवा प्रायमरीच्या शेवटच्या वर्षापर्यंतचं) आयर्लंडबाहेर झालेलं असावं, आणि इथल्या शाळेत दाखल होताना वय किमान बारा असावं. अजून एक मुद्दा इथून बाहेर जाऊन सलग तीन वर्षं तरी दुसऱ्या देशात शिकून परत आलेल्या मुलांचा आहे, त्यालाही वय बाराच. बाकीचे मुद्दे वाचन-लेखनाच्या गंभीर अडचणींचे वगैरे, त्यात मी शिरत नाही.

ग्रुपवर मला दोन चुकीच्या गोष्टी ठामपणे सांगितल्या गेल्या. एक, "अकरा चालतं, आमच्या मुलाला अकराव्या वर्षी मिळाली." त्यांना मिळाली असेलही, कारण आधीच्या नियमात अकराच होतं, 2019 मध्ये ते बारा झालं. दुसरी, "सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट लागतो, काही शे युरो तयार ठेवा." परदेशातून आलेल्या मुलाला रिपोर्टचा काही संबंधच नाही, आणि वाचनाच्या अडचणीवरून सूट मागणाऱ्यांनाही 2019 पासून त्याची सक्ती नाही. मी जवळजवळ अपॉइंटमेंट घेतली होती हो. नवऱ्याने म्हटलं आधी सर्क्युलर वाच, म्हणून वाचलं.

2 सप्टेंबरला, सोमवारी, मी प्रिन्सिपलच्या नावाने ईमेल टाकला. अर्ज पालकांनी लेखी करायचा असतो आणि निर्णय शाळेचे प्रिन्सिपल घेतात, खातं नाही. हे मला आवडलं, म्हणजे कुठल्या ऑफिसात रांग नाही, फी नाही, स्टॅम्प पेपर नाही. ईमेलमध्ये चारच ओळी: मुलीचं नाव, जन्मतारीख, भारतात कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत शिकली, आणि त्या सर्क्युलरमधल्या परदेशी शिक्षणाच्या मुद्द्याखाली सूट हवी आहे. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधल्या सेक्रेटरी बाईंचं उत्तर, अर्ज मिळाला, हा फॉर्म भरून कागदपत्रं आणून द्या.

5 तारखेला मी कागद घेऊन गेले. पासपोर्ट, जन्मदाखला, पहिली ते सहावीची प्रगतिपुस्तकं, आणि पुण्याच्या शाळेचा दाखला. आता आपल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या दाखल्यावर वर मोठ्या अक्षरात काय लिहिलेलं असतं? स्कूल लिव्हिंग सर्टिफिकेट. आणि आयर्लंडमध्ये लिव्हिंग सर्टिफिकेट म्हणजे काय? बारावीची बोर्डाची परीक्षा! सगळा देश जिच्यावर बोलतो ती. सेक्रेटरी बाईंनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं, परत कागदाकडे. "हिने लिव्हिंग सर्ट केलंय?" मी आधी म्हटलं हो, तिथेच चूक. त्या म्हणाल्या, बारा वर्षांची आहे ना. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि आम्ही दोघी काउंटरच्या दोन बाजूंना हसत सुटलो. तरी मला वाटतं त्या दिवशी फाईलमध्ये हा कागद कुठे लावायचा हे त्यांना कळलं नसणार. तुम्ही जाल तेव्हा "ट्रान्सफर लेटर फ्रॉम प्रीव्हियस स्कूल" असं म्हणा, वेळ वाचेल.

इथेच सांगते, निघायच्या आधी पुण्यात एका एजंटाने आम्हाला दाखला आणि जन्मदाखला अपोस्टिल करून घ्यायला लावले, साडेतीन हजार रुपये गेले. शाळेने त्या शिक्क्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या कशाला लागेल तर करा, आयरिशमधून सूट मिळवायला आम्हाला नाही लागलं. कागद इंग्रजीत असल्यामुळे भाषांतराचाही खर्च नाही. मराठी माध्यमातून येणार असाल तर मात्र निघतानाच शाळेकडून इंग्रजी दाखला मागून घ्या, इथे बसून करणं कटकटीचं आहे, पुढे कळेलच.

मग आठवडाभर काही नाही. लेक रोज विचारायची, आणि मी रोज होईल होईल म्हणायची.

13 सप्टेंबरला, शुक्रवारी दुपारी (असली ईमेलं शुक्रवारी दुपारीच का येतात) डेप्युटी प्रिन्सिपलचा ईमेल. अतिशय सभ्य भाषेत नाही. दोन कारणं. पहिलं, आमच्या नोंदीप्रमाणे प्रवेशाच्या दिवशी मुलगी अकरा वर्षांची होती, त्यामुळे नियमात बसत नाही. दुसरं, 2020-21 या वर्षाचे गुण दिसत नाहीत, त्या वर्षी ती कुठे शिकत होती?

मी पहिल्यांदा रडले, खोटं कशाला बोलू. मग कागद पुढ्यात घेऊन बसले. लेकीचा जन्म 9 जून 2012. शाळेत पहिला दिवस 27 ऑगस्ट 2024, म्हणजे बारा वर्षं दोन महिने. अकरा कुठून आलं? मग जुने ईमेल चाळताना सापडलं. आम्ही भारतात असतानाच शाळेने सीट दिली होती आणि मी 18 एप्रिलला ती ऑनलाईन फॉर्मवर स्वीकारली होती. तेव्हा ती अकरा वर्षं दहा महिन्यांची. शाळेच्या सिस्टीममध्ये प्रवेशाची तारीख म्हणून तीच बसली होती! म्हणजे मी वेळेवर, शहाण्यासारखं, पटकन सीट स्वीकारली त्याचीच शिक्षा.

दुसरं कारण तर आपल्याला पाठ आहे. 2020-21, कोविड. ती तिसरीत होती, वर्षभर मोबाईलवर शाळा, आणि एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षा न घेता वरच्या वर्गात घालायचं जाहीर केलं. त्यामुळे त्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकात गुणांच्या जागी नुसता वर्गोन्नतीचा शिक्का. आपल्याला त्याचा अर्थ कळतो, डब्लिनमधल्या बाईंना तो रिकामा कागद दिसला. त्यांच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं, कारण त्यांना मूल बारा वर्षांपर्यंत बाहेरच शिकलं हे दाखवायचंय, आणि मधलं एक वर्ष गायब असेल तर ते कदाचित आयर्लंडमध्येच असेल अशी शंका येऊ शकते.

त्याच संध्याकाळी मी पुण्याला सासऱ्यांना फोन केला. "बाबा, शाळेतून एक बोनाफाईड आणायचंय, पण साधं नाही." मला हवं होतं ते असं: जून 2018 ते जुलै 2024, पहिली ते सातवी (सातवीचे पहिले दोन महिने), प्रत्येक वर्षाचा वर्ग वेगळा लिहिलेला, 2020-21 ला ऑनलाईन वर्ग झाले आणि सरकारी निर्णयाप्रमाणे वर्गोन्नती दिली हे एक वाक्य, आणि शिकवलेल्या भाषा, म्हणजे इंग्रजी, मराठी, हिंदी. बाबा दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर गणपतीची सुट्टी. 17 ला विसर्जन, पुण्यात त्या दिवशी कोण शाळेत असणार, 18 ला अर्धं शहर झोपलेलं. 19 ला क्लार्क काका भेटले. बाबांनी सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी विचारलं म्हणे, "म्हणजे आमच्या शाळेत आयरिश शिकवत नाहीत असं लिहून देऊ का?" द्या की, मी फोनवरून म्हटलं, पण नंतर विचार केला, नको, शिकवलेल्या भाषा लिहिल्या की पुरे, उगाच गमतीदार कागद नको. अर्ज, मुख्याध्यापिकांची सही, गोल शिक्का, सगळं होऊन 23 ला स्कॅन माझ्या हातात. खर्च रिक्षाचा आणि बाबांच्या दोन फेऱ्यांचा.

म्हणूनच म्हणतेय, भारत सोडायच्या आधी दाखला काढताना तेव्हाच हा वर्षवार बोनाफाईड मागून घ्या. दाखल्यावर आपल्याकडे कधीपासून शाळेत आणि कुठल्या वर्गातून सोडली एवढंच असतं, मधली वर्षं नसतात. शाळा बदललेली असेल तर दोन्ही शाळांचे.

मधल्या काळात 19 तारखेलाच इकडे डेप्युटी प्रिन्सिपलबरोबर भेट ठरली होती. मी ईमेलमध्ये भांडले नव्हते, फक्त लिहिलं होतं की तारखेबद्दल काही गैरसमज झाला असावा, भेटून दाखवू का. भेटीला मी तीन कागद नेले, सर्क्युलरचं ते पान, एप्रिलचा सीट स्वीकारल्याचा ईमेल आणि आमचं बोर्डिंग पास. हो, विमानाचं! 9 ऑगस्टचं. 18 एप्रिलला मुलगी पुण्यात सहावीची परीक्षा देऊन आंबे खात होती, ती इथे दाखल कशी असेल. बाईंनी शांतपणे सगळं बघितलं, म्हणाल्या, सीट स्वीकारणं वेगळं आणि रजिस्टरला नाव लागणं वेगळं, तुमचं बरोबर आहे असं वाटतंय, मी रजिस्टर बघून प्रिन्सिपलशी बोलते. रजिस्टरमध्ये नाव पहिल्या हजेरीच्या दिवसापासून, 27 ऑगस्ट. त्या स्वतःच म्हणाल्या की सिस्टीममधला तो रकाना आम्ही चुकीचा वाचला.

पण भेटीतला जास्त कामाचा भाग पुढचा होता. सूट देण्याआधी तिचे परिणाम पालकांशी बोलायचे असतात, आणि बाईंनी ते नुसतं उरकलं नाही. त्या म्हणाल्या, हिला पुढे प्रायमरी शाळेत शिक्षिका व्हायचं असेल तर आयरिश लागेल, त्याशिवाय तो कोर्स मिळत नाही. बारा वर्षांच्या मुलीचं काय ठरलेलं असतं, सध्या तिला व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर व्हायचंय, मागच्या वर्षी पायलट. मग युनिव्हर्सिटीचा प्रश्न. इथे युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन, कॉर्क, गॉलवे, मेनूथ या नॅशनल युनिव्हर्सिटीच्या गटातल्या कॉलेजांना प्रवेशासाठी आयरिश लागतं, पण ज्यांचा जन्म आयर्लंडच्या बाहेरचा आहे त्यांना त्यातून सूट मिळते. ती युनिव्हर्सिटीकडे वेगळी मागायची असते, शाळेचं सर्टिफिकेट आहे म्हणून आपोआप धरू नका. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजला आयरिशची अट नाही. हे मी घरी येऊन परत तपासलं आणि मगच जीव भांड्यात पडला, कारण आत्ताची सोय म्हणून मी तिचं एखादं दार बंद करतेय की काय ही भीती मला सगळ्यात जास्त होती. आणि सूट घेतली म्हणून आयरिश शिकायला बंदी नाही, मन बदललं तर वर्गात बसता येतं.

मी बाईंना हेही विचारलं की त्या चार तासांत तिला काय शिकवणार? जादा इंग्रजी वगैरे? त्या स्पष्ट म्हणाल्या, सध्या शिक्षक नाहीत, लायब्ररीत बसेल, कोणीतरी लक्ष ठेवेल. म्हणजे सूट हा मोकळा तास आहे, शिकवणी नाही. काही शाळांत मुलं त्याच वर्गात मागे बसून दुसरं काम करतात असंही ऐकलंय. आपल्या शाळेत काय करतात ते आधी विचारून घ्या, कारण मुलीसाठी रोजचा प्रश्न तोच असतो.

23 ला बोनाफाईड आलं, त्याच दिवशी मी पाठवलं. समजा तरीही नाही म्हणाले असते तर? लेखी निर्णय मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं, त्यासाठी वेगळी अपील समिती आहे. दिवस कॅलेंडरचे, म्हणजे शनिवार-रविवार धरून. मी 13 तारखेच्या ईमेलपासून दिवस मोजून भिंतीवरच्या कालनिर्णयावर 13 ऑक्टोबरला लाल गोल केला होता. तो ईमेल म्हणजे अधिकृत निर्णय होता की नुसती शंका हे मला माहीत नव्हतं, पण गोल करून ठेवायला काय जातं. अपील करावं लागलं नाही.

4 ऑक्टोबर, परत शुक्रवार, या वेळी चांगला. एक पत्र आणि सोबत सूट दिल्याचं सर्टिफिकेट, प्रिन्सिपलच्या सहीचं, एका पानाचं. 2 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर, 32 दिवस. त्यातले निम्मे आमच्या एप्रिलच्या तारखेने आणि गणपतीने खाल्ले. सर्टिफिकेट शाळा बदलली तरी चालतं, परत अर्ज करायचा नाही, म्हणून ओरिजिनल जपून ठेवलंय आणि स्कॅन तिघांच्या ईमेलवर.

आता धाकट्याचं. तो नऊ वर्षांचा. त्याच्यासाठी मी चौकशी केली, उत्तर एका वाक्यात मिळालं: बाराच्या आतला आहे, त्याला या मुद्द्यावर सूट नाही. मी विचारलं, मग बारा झाल्यावर? तेव्हाही नाही, कारण तोपर्यंत तो इथेच आयरिश शिकलेला असेल. त्यामुळे एका घरातली दोन मुलं, एकाला सूट, एकाला नाही, आणि धाकट्याला हे अन्यायकारक वाटलं दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तो घरी येऊन "अन विल क्यॅड अगम" असं काहीतरी सुरू झाला आणि थेट बाथरूमकडे पळाला. टॉयलेटला जाऊ का, हे आयरिशमध्ये विचारल्याशिवाय वर्गातून सोडत नाहीत, आणि इथल्या प्रत्येक माणसाला, बाकी सगळं विसरला तरी, हे एक वाक्य येतं असं शेजारच्या आजी म्हणाल्या. त्याला प्रायमरीत गाणी, खेळ, चित्रं यातून शिकवतात, निबंध नाही, त्यामुळे लहान मुलांना सूट नसणं मला आधी जेवढं जाचक वाटलं होतं तेवढं वाटत नाहीये. तेराव्या वर्षी व्याकरणासकट अंगावर येणं आणि नवव्या वर्षी गाण्यातून येणं यात फरक आहे.

लेक आता त्या चार तासांत लायब्ररीत बसते. तिच्याबरोबर ब्राझीलची एक मुलगी आहे आणि युक्रेनचा एक मुलगा. पहिले दोन आठवडे तिघं आपापलं पुस्तक घेऊन गप्प होते, आता लायब्ररीवाल्या बाई मला सांगतात की जरा आवाज कमी करायला सांगा. सूट मिळाली तेव्हा ती खूश झाली, पण एकदा म्हणाली की वर्गात सगळे आयरिशच्या तासाला काय हसतात ते मला कळत नाही. मी काही बोलले नाही. रविवारी धाकट्याकडून ती आकडे शिकत होती, दहापर्यंत, आणि तो तिच्या उच्चारांना मास्तरासारखा टोकत होता.

आणि हो, पुण्याचा दाखला परत मिळाला. सेक्रेटरी बाईंनी ओरिजिनल परत देताना त्यावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवली होती, "हे सांभाळून ठेवा. आमचं लिव्हिंग सर्ट 2030 मध्ये देऊ."